मैत्रीचे प्रेम होते तेव्हा मनात काय बदलते?



वस्तीतल्या मुलामुलींची मैत्री आता नवलाची राहिलेली नाही. विहाराच्या अभ्यासिकेत एका टेबलावर बसून पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी चालते. वर्षावासात ग्रंथवाचनाला, १४ एप्रिलच्या तयारीला, रक्तदान शिबिराला मुले-मुली बरोबरीने राबतात. आपल्या आयांना ही मोकळीक नव्हती. म्हणूनच अशा मैत्रीत एकाच्या मनात प्रेम उगवले की प्रश्न फक्त दोघांचा राहत नाही. मुलीचे अभ्यासिकेत जाणे, तिचा फोन, तिची परीक्षा, सगळेच पणाला लागते. आरोग्य पानाच्या पत्रपेटीत झोप लागत नाही, भूक गेली, छातीत धडधडते अशा तक्रारी येतात. त्यांतल्या काहींच्या मुळाशी हीच गोष्ट असते. म्हणून या अंकात तिच्याबद्दल बोलू.

पुढे प्रज्ञा आणि मिलिंद यांचे उदाहरण घेतले आहे. नावे काल्पनिक आहेत आणि चार-पाच जोड्यांचे अनुभव एकत्र करून ते रचले आहे. प्रज्ञा २२ वर्षांची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी. मिलिंद २४ वर्षांचा, दिवसा पार्सल पोचवण्याचे काम करतो आणि रात्री अभ्यासिकेत येतो. तीन वर्षांची मैत्री. नोट्स एकमेकांच्या, फोनचा रिचार्ज कधी याने मारायचा कधी तिने. मिलिंदचे वडील दारू पितात हे प्रज्ञाला माहीत आहे, आणि प्रज्ञाच्या घरी लग्नाची घाई चालली आहे हे मिलिंदला. रात्री दहाला अभ्यासिका बंद झाली की मिलिंद तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडतो. घरच्यांनाही ते ठाऊक आहे आणि चालते.

मैत्रीतून प्रेम का उगवते?

याचे पहिले कारण अगदी साधे आहे, ते म्हणजे सहवास. जे आपण वारंवार पाहतो ते आपल्याला हळूहळू आवडू लागते, हे झाजोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांतून दाखवले. दुसरे कारण म्हणजे मनातले बोलणे. आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना एकमेकांना विचारायला प्रश्न दिले. सुरुवातीचे प्रश्न वरवरचे, पुढचे अधिकाधिक आतले. पाऊण तासात या जोड्यांना, नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा, एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटू लागली. थोडे तू सांग, थोडे मी सांगतो, अशा पायऱ्यांनी जवळीक वाढते. प्रज्ञा आणि मिलिंद तीन वर्षे हेच करत होते.

तिसरे कारण एखादा धक्का असतो. आजारपण, घरातला मृत्यू, परीक्षेतले अपयश. प्रज्ञाला पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि ती पाच दिवस सरकारी दवाखान्यात होती. मिलिंद रोज कामावरून सुटल्यावर डबा घेऊन जायचा, तिच्या आईला घरी पाठवून दोन तास बसायचा. तिच्या प्लेटलेट कमी झाल्या त्या रात्री त्याला झोप लागली नाही. ती घरी आली, बरी झाली, पण मिलिंदचे मन पहिल्या जागी आले नाही. प्रज्ञाच्या मनात मात्र त्या वेळी तसा बदल झालेला नव्हता. आधी एकाचे मन बदलते आणि दुसऱ्याचे नंतर, किंवा कधीच नाही, हे नेहमी दिसते. दोघांचे घड्याळ एकाच वेळी वाजेल असे धरून चालू नये.

असे होणे विचित्र किंवा घाणेरडे आहे असे मात्र नाही. कॅनडा आणि अमेरिकेतल्या सुमारे १,९०० लोकांची माहिती घेऊन २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण तीनांपैकी दोघांनी सांगितले की त्यांचे नाते आधी मैत्री होते. विद्यार्थ्यांमध्ये ही आधीची मैत्री सरासरी दोन वर्षांच्या आसपास टिकलेली होती, आणि बहुतेकांनी मैत्री करताना प्रेमाचा विचार केलेला नव्हता. तो समाज आपल्यापेक्षा वेगळा आहे, तिथे मुलगी रात्री कोणाबरोबर घरी आली यावर गल्ली बोलत नाही. तरी एवढे कळते की "आधीपासूनच मनात काळेबेरे असणार" हा वस्तीतला आरोप सहसा खरा नसतो.

पहिला बदल: मन एकाच ठिकाणी फिरू लागते

मैत्रीत मित्र समोर नसला की आपण त्याला विसरून कामाला लागतो. प्रेमात मन पुन्हा पुन्हा तिकडेच जाते. पुस्तकाचे एक पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. मेसेजला निळी खूण आली पण उत्तर आले नाही, एवढ्यावर रात्र जाते. मिलिंदचे असेच झाले. प्रज्ञाने "काळजी घे" लिहिले की तो दिवसभर खूश, आणि "ओके" एवढेच लिहिले की काम बिघडायचे. ती पूर्वीही "ओके"च लिहायची. शब्द तोच होता, ऐकणारे मन बदलले होते.

डोरोथी टेनव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांचे अनुभव गोळा करून १९७९ साली या अवस्थेवर पुस्तक लिहिले आणि तिला लिमरन्स असे नाव दिले. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. ही अवस्था आशा आणि शंका या दोन्हींवर मिळून जगते. नुसती खात्री असेल तर ती शांत होत जाते. आशा पूर्ण संपली तरी ती हळूहळू ओसरते. पण "असेल, नसेल" असे टांगते राहिले की ती वाढत जाते. म्हणून महिनोन् महिने मनात ठेवून इशारे शोधत बसणे हा मनासाठी सगळ्यात महागडा मार्ग आहे. "मी आता बोलून मैत्री का तोडू?" असे वाटते खरे, पण न बोलताही मैत्री आतून बदललेली असतेच.

दुसरा बदल: हिशेब सुरू होतो

चांगल्या मैत्रीत हिशेब नसतो. मिलिंदने डबा नेला तेव्हा बदल्यात काही मिळेल असे त्याच्या मनात नव्हते. प्रेम जागे झाल्यावर मात्र तोच डबा त्याला आठवू लागला. "मी एवढे केले, तिला काहीच कसे कळत नाही?" अभ्यासिकेतल्या दुसऱ्या मुलाने प्रज्ञाला गणित समजावले की मिलिंदच्या पोटात गोळा यायचा. मैत्रीत हक्क सांगायचा नसतो. प्रेमात, नाते ठरण्याच्या आधीच, मन हक्क धरू लागते.

आपल्या धम्मात मैत्री आणि आसक्ती या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत. मैत्रीत समोरच्याचे भले व्हावे एवढीच इच्छा असते. आसक्तीत ते माणूस आपले व्हावे ही ओढ असते. माणसाच्या मनात या दोन्ही एकाच वेळी राहू शकतात, आणि प्रेमात त्या राहतातच. स्वतःला एक प्रश्न विचारावा: ती परीक्षा पास होऊन दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झाली तर मला आनंद होईल का? मिलिंदला या प्रश्नाचे उत्तर "आनंदही होईल आणि रडूही येईल" असे सापडले. हे प्रामाणिक उत्तर आहे. फक्त रडूच येत असेल, तिने पास होऊ नये असेच वाटत असेल, तर आधी स्वतःच्या मनाकडे बघायला हवे आणि बोलायला थांबायला हवे.

तिसरा बदल: आसऱ्याची जागाच डळमळते

प्रत्येकाला एक माणूस लागते ज्याच्याकडे गेले की जीव शांत होतो. लहानपणी ती आई असते. मोठेपणी जवळचा मित्र किंवा मैत्रीण ही जागा घेते. जॉन बोल्बी या डॉक्टरांनी याचा आयुष्यभर अभ्यास केला. घरी वडिलांनी तमाशा केला की मिलिंद प्रज्ञाशी बोलायचा आणि हलका व्हायचा. आता मनातली सगळ्यात मोठी घालमेल तिच्याचबद्दल होती, आणि ती तिला सांगता येत नव्हती. दुखणे आणि औषध एकाच माणसात गोळा झाले. मैत्री प्रेमात बदलताना एवढा एकटेपणा का येतो, याचे हे मोठे कारण आहे. नकार मिळाला तर माणूस एकाच दिवशी दोन गोष्टी गमावतो: जिच्यावर प्रेम होते ती, आणि हे दुःख जिला सांगितले असते तीही.

म्हणून बोलण्याच्या आधी दुसरे एक विश्वासाचे माणूस असावे. मोठी बहीण, मामी, जुना मित्र, कोणीही चालेल. फक्त ते दोघांच्या रोजच्या घोळक्यातले नसावे, म्हणजे गोष्ट फुटत नाही आणि बाजू घेतल्या जात नाहीत.

आपुलकीला प्रेम समजण्याची चूक

१९८२ साली अँटोनिया अ‍ॅबी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक मुलगा आणि एक मुलगी पाच मिनिटे बोलत, आणि दुसरे एक मुलगा-मुलगी ते लपून पाहत. मुलीच्या साध्या मोकळ्या बोलण्यात पुरुषांना बायकांपेक्षा जास्त शारीरिक ओढ दिसली. आपल्याकडे तर मुलगी मोकळी बोलते यालाच इशारा समजण्याची सवय आहे, आणि सिनेमाने ती पक्की केली आहे.

मग ओळखावे कसे? तीन गोष्टी पाहाव्यात. ती हे सगळ्यांशी करते का? प्रज्ञा सगळ्यांनाच डब्यातली भाकरी देते, म्हणजे भाकरी हा इशारा नाही. अलीकडे फक्त तुमच्याशी तिचे वागणे बदलले आहे का? आणि काही काम नसताना ती तुमच्यासाठी वेळ काढते का? तरीही या तिन्ही गोष्टी मिळून पुरावा होत नाही. पुरावा फक्त तिच्या तोंडचा शब्द. मुलींनीही हेच लक्षात ठेवावे. मुलगा रोज सोडायला येतो याचा अर्थ त्याच्या मनात काही आहे असा होत नाही. त्याला तुमच्या सुरक्षिततेची काळजी असू शकते, एवढेच.

बोलायचे कसे?

धक्क्याच्या लगेच नंतर बोलू नये. आजारपणात, मृत्यूनंतर किंवा निकालाच्या दिवशी मने आधीच उसवलेली असतात. पाच-सहा आठवडे जाऊ द्यावेत आणि भावना तेवढीच राहते का ते पाहावे. मिलिंदने दोन महिने थांबून पाहिले. परीक्षेच्या आधीच्या महिन्यातही बोलू नये, समोरच्याचे वर्ष त्यात जाते.

समोरासमोर बोलावे, दिवसा, जिथून दुसऱ्याला सहज उठून जाता येईल अशा ठिकाणी. रात्री सोडायला जाताना निर्मनुष्य गल्लीत बोलणे चूक आहे, कारण तिथे मुलगी भीतीने "बघू" म्हणते आणि मुलगा त्याला होकार समजतो. मित्राकरवी निरोप पाठवू नये. रात्री बाराला लांबलचक मेसेजही नको, कारण मेसेजचा फोटो दहा फोनवर जातो.

बोलणे छोटे असावे आणि त्यात नकाराला जागा असावी. मिलिंद साधारण असे बोलला: "प्रज्ञा, माझ्या मनात तुझ्याबद्दल मैत्रीच्या पुढचे काही आहे. तुझ्या मनात तसे असलेच पाहिजे असे नाही. आत्ता उत्तर देऊ नकोस. नाही म्हणालीस तरी अभ्यासिकेत तुला त्रास होणार नाही." केलेल्या मदतीचा त्यात उल्लेख नव्हता. डबा, दवाखाना, रिचार्ज यांची आठवण करून दिली की प्रश्न राहत नाही, बिल होते.

जिथे एकाचा दुसऱ्यावर अधिकार आहे, म्हणजे शिकवणी घेणारा आणि विद्यार्थिनी, पैसे देणारा आणि कामावर ठेवलेली, तिथे हे बोलूच नये. आणि दोघांपैकी एकाचेही वय १८ च्या आत असेल तर थांबायलाच हवे. पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलामुलीची शारीरिक संबंधाला दिलेली संमती कायदा मानत नाही.

होकार कशातून येतो आहे?

आता प्रज्ञाच्या बाजूने पाहू. मिलिंदचे बोलणे ऐकून तिला रात्रभर झोप नव्हती. तिला मिलिंद आवडत होता. पण भीती अशी होती की नाही म्हटले तर नोट्स बंद, रात्रीची सोबत बंद, आणि सोबत बंद झाली की घरचे अभ्यासिकाच बंद करतील. शिवाय दवाखान्यातले उपकार डोक्यावर होते. अशा वेळी तोंडातून "हो" निघतो, पण तो उपकारातून आणि गरजेतून निघालेला असतो. असा होकार पुढे कुजतो. त्यात मुलगी गप्प गप्प राहते, जवळ येणे टाळते, आणि मुलगा म्हणतो "तूच तर हो म्हणाली होतीस."

प्रज्ञाने तिच्या मावशीशी बोलून स्वतःला दोन प्रश्न विचारले. पहिला: रात्री घरी सोडायला दुसरी सोय झाली, नोट्सही दुसरीकडून मिळाल्या, तरी मी हो म्हणेन का? दुसरा: उद्या मिलिंदचे दुसऱ्या मुलीशी जमले तर मला सुटल्यासारखे वाटेल की टोचेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिने नुसते मनात शोधले नाही. अभ्यासिकेतल्या आणखी दोन मुलींबरोबर परतायचे ठरवले आणि पंधरा दिवस तसे केले. गरज बाजूला झाल्यावर तिला कळले की मिलिंदशी बोलण्याची ओढ तरीही आहे. पण परीक्षा आधी, हेही तिला कळले. तिने सांगितले: "मलाही वाटते, पण परीक्षेपर्यंत आपण मित्रच राहू. तोपर्यंत विचारायचे नाही." हे टांगते ठेवणे नव्हते. तिचे उत्तर स्पष्ट होते आणि थांबायची तारीखही ठरलेली होती.

उत्तर नाही असेल तर

प्रज्ञाच्या मनात काही नसते तर? मग तिने "आत्ता नको", "घरचे ऐकणार नाहीत" असे म्हणू नये. असे बोलणे दयेपोटी असते, पण त्यातून आशा आणि शंका दोन्ही जिवंत राहतात. "तू मला मित्र म्हणून हवा आहेस. प्रेम माझ्या मनात नाही आणि मी ते येईल असे सांगणार नाही," हे ऐकायला कठीण पण औषधासारखे आहे. १९९३ साली बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी एकतर्फी प्रेमाच्या कहाण्या तपासल्या. नकार देणाऱ्यालाही अपराधी वाटते, काय बोलावे सुचत नाही, आणि म्हणून तो गोलमोल बोलतो, असे त्यांना दिसले. नकार देणारी क्रूर असते हा समज खरा नाही.

नकार मिळालेल्याने महिना-दीड महिना बोलणे कमी करावे, आणि हे सांगून करावे: "मी रागावलो नाही. मला थोडे दिवस लागतील." लगेच पूर्वीसारखे वागायचा हट्ट धरला की जखम रोज उघडते. काही जोड्यांत मैत्री परत येते, थोडी सावध, पण खरी. काहींत येत नाही. मैत्री परत आली की नाही हे एका खुणेवरून कळते: समोरच्याच्या नव्या नात्याची बातमी ऐकून तुम्ही त्या दिवशी जेवू शकता का?

पुन्हा पुन्हा विचारणे, कामाच्या वाटेवर उभे राहणे, दुसऱ्या नंबरवरून मेसेज करणे, स्क्रीनशॉट फिरवणे, हे प्रेम नव्हे. नको म्हटल्यावर मुलीचा पाठलाग करणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि कोणी "जीव देईन" म्हणाले तर ते खोटे समजू नका, पण त्यासाठी हो म्हणायचीही गरज नाही. तो आजाराचा प्रश्न आहे, नात्याचा नाही. त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा, त्याला एकटे ठेवू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. एरवीही झोप, भूक आणि कामातला रस दोन आठवडे बिघडलेला राहिला तर प्रेमभंग म्हणून सोडून देऊ नये, सरकारी दवाखान्यात दाखवावे.

दोघांचा होकार असेल तर: काय मिळते आणि काय राहून जाते

परीक्षा झाली आणि दोघांनी नाते मान्य केले. मैत्रीतून आलेल्या नात्याचा मोठा फायदा म्हणजे माणूस सजून समोर आलेले नसते. प्रज्ञाने मिलिंदला रागात पाहिले होते, उधारीत पाहिले होते, वडिलांना नालीतून उचलून आणताना पाहिले होते. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात यातले काहीही दिसत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्या नात्यातल्या मैत्रीला जे जास्त मोल देत त्यांची एकमेकांशी बांधिलकी जास्त दिसली आणि पुढच्या काळात त्यांची नाती कमी तुटली. म्हणजे आधी मित्र होतो एवढ्याने पुरत नाही. प्रेम सुरू झाल्यावरही मैत्री चालू ठेवावी लागते.

नेमके तिथेच घसरते. पहिल्या काही महिन्यांत जोड्या मैत्रीतल्या सवयी सोडतात. एकत्र अभ्यास बंद, फक्त भेटी. चूक दाखवणे बंद, कारण आता मन दुखेल. घोळक्यातले मित्र तुटतात. प्रज्ञा-मिलिंदने आठवड्यातले चार दिवस अभ्यासाचेच ठेवले, आणि त्या टेबलावर बाकीचेही बसत.

दुसरा धोका असा: मित्र म्हणून कोणी कसा वागतो यावरून हक्क मिळाल्यावर तो कसा वागेल हे कळत नाही. मित्र असताना मिलिंदने कधी विचारले नव्हते, पण दोन महिन्यांनी म्हणाला, "त्याच्याकडून गणित शिकायची काय गरज आहे?" प्रज्ञाने त्याच दिवशी उत्तर दिले: "आपण मित्र होतो तेव्हा हे विचारले असतेस का?" तो गप्प झाला, आणि चार दिवसांनी स्वतः माफी मागितली. मत्सर वाटणे गैर नाही, त्यावरून नियम घालणे गैर. फोनचा पासवर्ड मागणे, कपड्यांवर बोलणे, शिक्षण किंवा काम सोडायला लावणे, मैत्रिणी तोडणे, यातले काही सांगूनही पुन्हा पुन्हा होत असेल तर तीन वर्षांची मैत्री हे थांबण्याचे कारण होऊ नये. "तो मनाने चांगला आहे, मी ओळखते ना" हे वाक्य मारहाण होणाऱ्या बायकाही शेवटपर्यंत म्हणत राहतात.

तिसरी गोष्ट शरीराची. जवळच्या मित्रांना वाटते की आपण सगळे बोलतो, पण हे एक बोलणे मात्र राहून जाते. किती जवळ यायचे, कधी नाही, हे दोघांनी आधी शब्दांत ठरवावे. कंडोम सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, आणि ती नेहमीचे साधन म्हणून वापरायची नाही. तिसरे शील सांगते ते हेच की कोणाच्याही शरीराशी खोटेपणाने किंवा जबरीने वागायचे नाही, आणि नात्यातल्या दोघांनाही ते लागू आहे.

वस्ती, घर आणि जात

आपल्याकडे नाते लपवावे लागते, आणि त्या लपवण्याचाच मनावर भार येतो. उघड झाले तर मुलाला दोन शिव्या, मुलीला मात्र अभ्यासिका, फोन आणि कदाचित शिक्षणही. ही किंमत दोघांना सारखी नसते, म्हणून कोणाला कधी सांगायचे हे ठरवताना मुलीचा शब्द शेवटचा असावा. प्रज्ञाने आधी मावशीला, मग आईला सांगितले, आणि निकाल लागेपर्यंत वडिलांना नाही. आईवडिलांना एवढेच सांगणे आहे की मुलीची अभ्यासिका बंद केल्याने नाते थांबत नाही, ते फक्त लपते. आणि लपलेल्या नात्यात काही वाईट घडले तर मुलगी तुमच्याकडे येत नाही.

मित्र दुसऱ्या जातीचा असेल तर धोका वेगळा असतो. बाबासाहेबांनी १९३६ साली जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. पण तो करणाऱ्या मुलामुलींचे खून होतात हेही आपण पाहतो. त्यामुळे इथे भावनेच्या भरात पळून जाणे हा मार्ग नाही. विशेष विवाह कायदा १९५४ खाली नोंदणीसाठी मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण लागते आणि ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कार्यालयात लागते, म्हणजे घरी कळू शकते, हे धरूनच बेत करावा. अशा जोडप्यांना संरक्षण द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शासनाला बजावले आहे. नोटीस देण्याआधी वकिलाला भेटावे, पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्यावी, आणि विहारातल्या जबाबदार माणसांना कल्पना द्यावी.

प्रज्ञा तलाठी परीक्षेत त्या वर्षी थोडक्यात राहिली. घरच्यांनी बोट मिलिंदकडे दाखवले. मावशीने तिचे आधीच्या वर्षीचे गुण दाखवले तेव्हा दिसले की ते वाढलेले होते. तिने पुन्हा फॉर्म भरला आहे. अजूनही ती रात्री मैत्रिणींबरोबरच परत येते, आणि मिलिंद मागून, आपल्या वाटेने.